पिवळ्या रंगाचा अर्थ

पुण्यातली एक छोटी संस्था अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देते. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. संस्थेकडे कार्यालय नाही. एक कपाट आहे, तेही सरांच्या घरी. सर स्वतः अंध, निवृत्त शिक्षक आणि संस्थेचे संस्थापक विश्वस्त. लेखनिक आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देण्याचं काम नऊ वर्षं ताईंनी केलं, स्वतःची बँकेतली नोकरी सांभाळून आणि एक पैसाही न घेता. मी या संस्थेसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याच कामासाठी सरांकडे बसलो होतो, तेव्हा ताई एक पत्र घेऊन आल्या आणि त्यांनी ते सरांना वाचून दाखवलं. त्यानंतर दोघांमध्ये जे बोलणं झालं ते दोघांच्या परवानगीने इथे देत आहे. नावं दोघांनाही नको होती.

पत्र असं होतं:

‘मा. विश्वस्त मंडळ यांस, गेली नऊ वर्षं मी लेखनिक समन्वयक म्हणून काम पाहत आहे. ३१ मेनंतर ही जबाबदारी मी सोडू इच्छिते. कारणं दोन आहेत. आईला स्मृतिभ्रंश झाला असून तिला सकाळ-संध्याकाळ माझी गरज आहे. दुसरं, गेल्या नोव्हेंबरमध्ये मी फोन न उचलल्यामुळे एका विद्यार्थ्याचं नुकसान झालं. सगळं काम एका फोनवर चालत असेल तर हे पुन्हा होणार. १ जूनपासून पद नव्या व्यक्तीकडे द्यावं. नोव्हेंबरच्या विद्यापीठ परीक्षा संपेपर्यंत मी तिच्या सोबत असेन. माझ्याकडची यादी, वही आणि पत्रांचे नमुने मी तिच्या हवाली करीन. लेखनिकांची चाचणी घेण्याचं काम मी पुढेही करत राहीन.’

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “आई कशा आहेत?”

ताई: कालपासून मला ‘बाई’ म्हणतेय. संध्याकाळी सहानंतर एकटं ठेवता येत नाही तिला. आणि आपले फोन नेमके सहानंतरच येतात.

सर: हे कारण मला मान्य आहे. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. दुसरं कारण मात्र मला पटलेलं नाही. त्या एका दिवसाची शिक्षा तुम्ही स्वतःला देताय.

ताई: शिक्षा नाही, सर. त्या दिवशी नेमकं काय घडलं ते मी तुम्हाला पूर्ण कधी सांगितलंच नाही.

सर: मग आज सांगा.

ताईंनी सांगितलं ते असं. विद्यार्थी द्वितीय वर्ष कला शाखेचा, पेपर राज्यशास्त्राचा, सकाळी साडेदहाचा. लेखनिक प्रथम वर्ष वाणिज्य शाखेची मुलगी होती. सकाळी सात चाळीसला तिचा निरोप आला, ‘ताई, अंगात ताप आहे, येऊ शकत नाही.’ ताई तेव्हा आईला घेऊन रुग्णालयात होत्या आणि फोन पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. त्या पेपरसाठी राखीव लेखनिक ठरलेला होता. पण त्याचं नाव होतं ताईंच्या वहीत, आणि वही होती घरी. विद्यार्थी पावणेदहाला महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन थांबला. त्याने ताईंना अकरा वेळा फोन लावला. शेवटी तो कार्यालयात गेला, तर तिथल्या माणसाने सांगितलं की अर्जात ज्याचं नाव आहे तोच लेखनिक चालेल, बदलायचा तर पत्र आणा. सव्वाअकराला केंद्रप्रमुखांनी त्याची अडचण समजून घेतली आणि आवारात उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाला बसवलं. गेलेली पंचेचाळीस मिनिटं परत मिळाली नाहीत. पाचपैकी चारच प्रश्न लिहून झाले.

ताई: नियम त्याच्या बाजूचा होता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की आणीबाणीत लेखनिक बदलावा लागला तर तशी मुभा असावी. मला तो नियम पाठ आहे. पण फाटकाशी उभं राहायचं असतं त्या मुलाला, आणि त्याच्या हातात कागद नव्हता. माझ्या डोक्यात असलेल्या नियमाचा त्याला काय उपयोग?

सर: आता देतो ना आपण तो कागद?

ताई: देतो. डिसेंबरपासून प्रत्येकाच्या फोनमध्ये ते पान ठेवलंय आणि एक छापील प्रतही देतो. पण सर, ही फक्त एका गोष्टीची दुरुस्ती झाली. अशा किती गोष्टी माझ्या डोक्यात आहेत ते मलाही माहीत नाही. त्या बाहेर काढायच्या तर मला खुर्चीवरून उठावंच लागेल. मी बसलेली असेपर्यंत सगळे मलाच विचारणार.

सर: मला यातच धोका दिसतो. तुम्ही म्हणता डोक्यातलं बाहेर काढायचं. मी म्हणतो, ते निघत नाही. माझ्या काळी मी एम.ए. केलं तेव्हा ना जादा वेळ होता ना काही नियम. शेजारचा एक मुलगा होता, तो लिहायचा. मी श्वास घेतला की त्याला कळायचं, आता नवा परिच्छेद येणार. हे कुठल्या वहीत लिहिणार? मुलं तुमचा आवाज ओळखतात, ताई. आम्ही माणूस पाहत नाही, आम्ही आवाजावर विसंबतो. घाबरलेल्या मुलीला रात्री अकरा वाजता जो आवाज ऐकून झोप लागते, तो बदलला की तिला काय वाटेल?

इथे मला थोडं थांबून बोललं पाहिजे. सरांचं हे म्हणणं भावुक वाटण्याचा संभव आहे, पण ते तसं नाही. लेखनिक देणं म्हणजे एका रिकाम्या जागी एक माणूस बसवणं नव्हे. तीन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटं या हिशेबाने एक तास वाढवून मिळतो, म्हणजे लेखनिकाला सलग चार तास बसावं लागतं. विद्यार्थी आणि लेखनिक एकमेकांना अनोळखी असले तर त्यातला पहिला अर्धा तास एकमेकांची लय सापडण्यातच जातो. म्हणून ताई दोघांची आधी भेट घडवून आणतात, पंधरा मिनिटं श्रुतलेखन घेतात. मराठी माध्यमाच्या पेपरला इंग्रजी माध्यमात शिकलेला लेखनिक आला तर तो जोडाक्षरांपाशी अडतो, आणि विद्यार्थ्याला आपल्याच वाक्याचा वेग कमी करावा लागतो. गणिताच्या पेपरला ‘एक्स अधिक दोन भागिले तीन’ म्हटल्यावर कंस कुठे येतो ते दोघांनी आधीच ठरवून घ्यावं लागतं. मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला लेखनिक नववीतला लागतो. महाविद्यालयात कुठे एक वर्ष खालचा चालतो, कुठे शाखाही वेगळी हवी असते. हे सगळं जुळवून झाल्यावरही ‘मला मुलगीच हवी’ किंवा ‘मला प्रश्न दोनदा वाचून दाखवणारा हवा’ ही गरज उरतेच. नऊ वर्षांत ताईंना प्रत्येकाची गरज कळली आहे. सर म्हणत होते ते या कळण्याबद्दल.

ताई: म्हणूनच मी नोव्हेंबरपर्यंत थांबतेय. नवीन माणूस आणि मी, दोघं मिळून प्रत्येक मुलाशी एकदा बोलू. आवाजाची ओळख करून द्यावी लागते हे मला मान्य आहे.

सर: मग मार्चपर्यंत थांबा. दहावी-बारावी होऊन जाऊ दे. सगळ्यात मोठी गर्दी तीच.

ताई: नाही सर. तीच चूक होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी असले तर कामाच्या गर्दीत सगळं मीच करून टाकीन आणि नवीन माणूस नुसता बघत राहील. विद्यापीठाच्या नोव्हेंबरच्या परीक्षेत विद्यार्थी कमी असतात, मुलं मोठी असतात, थोडं इकडेतिकडे झालं तर स्वतः बोलू शकतात. ती परीक्षा नव्या माणसाने चालवायची, मी शेजारी बसायचं. फेब्रुवारीत मी शेजारीही नसायचं. चुका व्हायच्याच असतील तर त्या मी जवळ असताना, लहान परीक्षेत होऊ देत.

सर: हं. ते बरोबर आहे.

ताई: आणि मी तीन जणांत काम वाटणार आहे. नोंदणी एकाकडे, जुळवणी दुसऱ्याकडे आणि परीक्षेच्या दिवशीचा फोन तिसऱ्याकडे.

सर: इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. बारभाईची शेती, काय लागेल हाती? ऐन परीक्षेच्या सकाळी मुलाने फोन कोणाला करायचा? नोंदणीवाल्याला की जुळवणीवाल्याला? तिघं एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मुलगा फाटकाशी उभा राहील. त्या दिवशी तरी त्याला नक्की माहीत होतं, फोन ताईंना करायचा. तो उचलला गेला नाही, हा वेगळा भाग.

ताई: नंबर एकच राहील. संस्थेच्या नावाने सिमकार्ड घेऊ. आज माझा खाजगी नंबर दोन महाविद्यालयांच्या फलकावर ऑइलपेंटने रंगवलेला आहे, सर. अंध शाळेच्या सूचना फलकावर आहे. कितीतरी पत्रकांवर छापलेला आहे. मी उद्या पुण्याबाहेर बदली होऊन गेले तरी मुलं मलाच फोन करणार. नवा नंबर संस्थेचा. तो फोन ज्याच्या हातात असेल त्याने त्या दिवशी सगळं बघायचं. सकाळी सहा ते पेपर सुरू होईपर्यंत तो हातात हवा, पर्समध्ये नको. एकाला जमलं नाही तर फोन दुसऱ्याच्या हाती. जबाबदारी माणसाच्या नावावर नाही, त्या फोनवर.

सर: आणि जुन्या नंबरचं काय?

ताई: वर्षभर मी तो बंद करणार नाही. कोणी फोन केला तर नवा नंबर देईन आणि लगेच फोन ठेवीन. तेवढं मला शिकावं लागेल. ‘थांब, मीच बघते’ असं म्हणायचं नाही.

या शेवटच्या वाक्याला ताईंचा आवाज थोडा कापला. जाणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड काय असतं, ते मला त्या वाक्यात कळलं. यादी देता येते. मदतीला धावून जायचा हक्क सोडवत नाही, आणि तो सोडला नाही तर पुढचा माणूस कधीच उभा राहत नाही.

मग यादीची गोष्ट निघाली. तिथे दोघांचे विचार पुन्हा वेगळे झाले, आणि यावेळी ताई सरांपेक्षा जास्त कडक निघाल्या.

सर: तुमच्या फोनमध्ये दोनशे लेखनिकांचे नंबर असतील. ते तर लगेच देता येतील?

ताई: लगेच नाही. ते नंबर त्यांनी मला दिलेत. पुष्कळ मुलींनी तर ‘ताई, तुम्हालाच देतेय’ असं म्हणून दिलेत. सगळ्यांना एक निरोप जाईल. मी जातेय, अमुक व्यक्ती येतेय, तुमचा नंबर तिला द्यायचा का, हो किंवा नाही कळवा. ज्याचं उत्तर येणार नाही त्याचा नंबर द्यायचा नाही.

सर: निम्मे उत्तरच देणार नाहीत. निम्मी यादी जाईल!

ताई: जाऊ देत. जे उत्तर देत नाहीत ते परीक्षेच्या सकाळीही उत्तर देत नाहीत, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. शिवाय २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. संस्था लहान आहे म्हणून लोकांची माहिती हातोहात फिरवायची, हे मला पटत नाही. आणि वहीत माणसांबद्दल मी काही शेरे लिहिलेत. ‘उशिरा येतो’, ‘मध्येच उत्तर सुचवतो, परत पाठवू नये’. हे शेरे मी तसेच देणार नाही. जे कामाचं आहे तेवढंच, सभ्य शब्दांत.

सर: बँकेच्या सह्यांचं काय?

ताई: खात्यावर तुमची आणि कोषाध्यक्षांची सही आहे, माझी नाही. मी विश्वस्तही नाही. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायची गरज माझ्या जाण्याने पडत नाही. फक्त बैठकीत ठराव घ्या आणि महाविद्यालयांना नव्या व्यक्तीच्या सहीचं पत्र पाठवा. नाहीतर परीक्षा विभाग लेखनिकाच्या अर्जावर माझीच सही मागत राहील.

एवढं झाल्यावर सरांनी विचारलं, “तुमच्या मनात कोण आहे?”

ताईंनी दोन नावं सांगितली. दोघीही कामसू, दोघीही डोळस. सरांनी ती ऐकून घेतली आणि मग आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव घेतलं. संस्थेने दिलेल्या लेखनिकांच्या मदतीने ती पदवीधर झाली होती आणि आता एका सरकारी बँकेत काम करत होती. ती पूर्ण अंध आहे.

ताई: सर, ती हुशार आहे, यात शंकाच नाही. पण हे काम पूर्ण डोळ्यांचं आहे. मुलं हॉल तिकिटाचा फोटो पाठवतात. लेखनिकाचं ओळखपत्र बघावं लागतं. अक्षर कसं आहे ते तपासावं लागतं.

सर: फोटो का पाठवतात?

ताई: सोपं पडतं म्हणून.

सर: कोणाला? पाठवणारा अंध, फोटो त्याला दिसत नाही. तो शेजाऱ्याला काढायला सांगतो. त्यात निम्मं तिकीट कापलं जातं आणि तुम्ही पुन्हा फोन करून तारीख विचारता. हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. त्यापेक्षा त्याने तारीख, वेळ, विषय आणि केंद्र एवढं टाइप करून किंवा बोलून का पाठवू नये? तो ते स्वतः करू शकतो. फोटोची सवय तुमच्यासाठी लागली, त्याच्यासाठी नाही.

ताई गप्प बसल्या. मग त्यांनी पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक लाल कव्हरची जाड वही आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपवर एक्सेलची यादी उघडली आणि मला म्हणाल्या, “सरांना वाचून दाखवा.”

मी वाचायला लागलो. नाव, वर्ष, माध्यम, भाग. चौथ्या ओळीवर अडखळलो, कारण ती सगळी ओळ पिवळी होती. सहावी हिरवी होती. एक लाल.

“पिवळा म्हणजे काय?” मी विचारलं.

ताई: पिवळा म्हणजे ‘हो म्हणते पण खात्री नाही, राखीव ठेवा’. हिरवा म्हणजे पक्का. लाल म्हणजे बोलवू नये.

सर: माझ्या त्या विद्यार्थिनीच्या संगणकावर एनव्हीडीए आहे. मायकेल करन नावाच्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते सुरू केलं, आजही फुकट मिळतं. ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. ते अक्षरं वाचेल. खास सांगून ठेवल्याशिवाय रंग वाचणार नाही. म्हणजे तिला तुमची यादी पूर्ण मिळेल, आणि तुमचा नऊ वर्षांचा अनुभव त्यातून गळालेला असेल. कोणाला बोलवू नये ते तिला कळणारच नाही.

ताई: आणि ही वही हाताने लिहिलेली आहे.

सर: मग ती तिच्यासाठी कोरीच आहे.

त्यानंतर ताईंनी स्वतःच आणखी एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली, सरांनी विचारण्याआधीच. महाविद्यालयांना द्यायच्या पत्रांचे नमुने जुन्या श्रीलिपीत टाइप केलेले होते. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात वेगळीच अक्षरचिन्हं. वाचक सॉफ्टवेअर ते निरर्थक आवाजात वाचतं. ती सगळी पत्रं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावी लागणार होती. यादीत ताईंनी कित्येक ठिकाणी दोन-तीन चौकटी एकत्र जोडल्या होत्या, दिसायला छान म्हणून. कानाने यादी ऐकणारा माणूस तिथे हमखास वाट चुकतो. व्हॉट्सअॅपवरची वेळापत्रकं सगळी छायाचित्रं होती.

हे ऐकताना मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही. अंधांसाठी चालणाऱ्या संस्थेची सगळी कागदपत्रं डोळसांनाच वाचता येत होती. ताईंच्या निष्ठेत काही उणीव होती म्हणून हे झालं नाही. विद्यार्थी नेहमी मदत घेणाऱ्या बाजूला आणि डोळस माणूस नेहमी मदत देणाऱ्या बाजूला, अशी मांडणी आम्ही सगळ्यांनी न बोलता धरली होती, म्हणून झालं. सर स्वतः अंध असूनही त्यांनी कधी यादी मागितली नव्हती. ते त्यांनीही त्या दिवशी मान्य केलं.

सर: मी विचारायला हवं होतं. तुम्ही होतात म्हणून मला गरज पडली नाही. मी मघाशी म्हणालो ना, डोक्यातलं बाहेर निघत नाही? त्यात माझीही सोय होती.

ताई: आणि मी म्हणत होते की सगळं लिहून ठेवलंय, आता फक्त द्यायचं आहे. ते लिहिणं कोणाला वाचता येईल, याचा मी विचारच केला नाही.

सर: ओळखपत्र आणि अक्षर तपासायला डोळे लागतील. ते मला मान्य आहे.

ताई: त्यासाठी मी आहे. चाचणी मीच घेणार आहे ना! श्रुतलेखनाच्या वेळी अक्षरही बघीन, ओळखपत्रही. निकाल मात्र रंगात लिहिणार नाही, शब्दांत लिहीन. ‘पक्का’, ‘राखीव’, ‘बोलवू नये’. आणि माझ्या दोघींपैकी एक तिच्या मदतीला राहील. पण फोन तिच्या हातात.

सर: ती हो म्हणाली तर.

ताई: हो. आधी तिला विचारू. तिलाही नोकरी आहे.

मग वहीचा हिशेब निघाला. वही एकशे ऐंशी पानांची. ताई रात्री आई झोपल्यावर दहा पानं फोनमध्ये बोलून टाइप करू शकतील, पण रोज नाही. आठवड्यातून तीन रात्री धरल्या तरी सहा आठवडे. त्यात गाळायचे शेरे, बदललेले नंबर, लेखनिकांची उत्तरं येण्यासाठी दोन आठवडे. मे महिन्यात हे होत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. ताईंनी मार्चपर्यंत थांबावं असं सरांना वाटत होतं, ताईंना मेमध्ये निघायचं होतं. शेवटी तारीख ठरवली ती वहीने.

निघताना ताईंनी पत्र परत मागून घेतलं. पुढच्या शनिवारी त्यांनी नवं पत्र आणलं. सुरुवात आणि कारणं जवळपास तीच होती. त्यापुढे असं होतं:

‘३१ जुलैनंतर मी ही जबाबदारी सोडत आहे. लेखनिकांची यादी, वही आणि पत्रांचे नमुने मी त्याआधी युनिकोडमध्ये, रंग किंवा छायाचित्रं न वापरता तयार करून देईन. नव्या समन्वयक ते सगळं स्वतः, कोणाचीही मदत न घेता वाचून तपासतील. त्यांनी “सगळं वाचता आलं” असं कळवल्यावरच माझं काम सोपवून झालं असं मानावं.’

त्या जुन्या विद्यार्थिनीने विचार करायला चार दिवस मागून घेतले होते आणि मग होकार दिला. पहिल्या वीस पानांची फाइल ताईंनी तिला पाठवली तेव्हा तिचं उत्तर तासाभरात आलं. सतरा पानं नीट वाचता आली होती. तीन पानांवर ताईंनी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं होतं, आणि वर म्हणजे नक्की कुठे ते तिला सापडलं नव्हतं. ती तीन पानं ताई आता पुन्हा लिहीत आहेत.